रायोंगच्या नेमणुकीआधीचे दहा आठवडे: थाई सूर आणि थाई लिपी

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यातला क्वालिटी इंजिनीअर. वय तिशीच्या पुढे, घरी मराठी, कामावर मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी थायलंडमधल्या रायोंगला पाठवायचं ठरवलं आणि निघायला दहा आठवडे उरले होते. बँकॉकच्या आग्नेयेला रायोंग, चोनबुरी आणि चाचोएंगसाव हे तीन प्रांत मिळून थायलंडचा पूर्वेकडचा औद्योगिक पट्टा होतो. तिथल्या कारखान्यांत मीटिंग इंग्रजीत होते, ईमेल इंग्रजीत जातात, पण लाईनवर बोलणं थाईतच चालतं. टॅग, बोर्ड, शिफ्टच्या नोंदी सगळं थाई लिपीत. आणि क्वालिटीवाल्याचा निम्मा दिवस लाईनवरच जातो.

त्या भागात काही वर्षं नोकरी केल्यानंतर मी आता तिकडे जाणाऱ्यांची भाषेची तयारी करून घेते. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, "मॅडम, वेळ कमी आहे. लिपी सोडून देऊ का? इंग्रजी अक्षरांत लिहून बोलणं शिकलो तर नाही चालणार?"

इंग्रजीतून थाई शिकवणारे बरेच जण अगदी हाच सल्ला देतात. पण मराठी माणसासाठी हिशेब उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. त्याला लिपी आधी दिली तर सूर सोपे जातात, कारण थाई अक्षरांची मांडणी त्याने पहिलीतच पाठ केलेली असते.

पण आधी कान तपासायला हवा होता. थाईत पाच सूर आहेत. मध्यम सूर जवळजवळ सपाट असतो. खालचा सूर खालीच सुरू होऊन आणखी थोडा घसरतो. उतरता सूर वरून सुरू होऊन झपकन खाली येतो. वरचा सूर वरच्या पट्टीत राहतो आणि शेवटी किंचित चढतो. चढता सूर आधी खाली बुडतो आणि मग वर जातो. 'पा' हा एकच उच्चार घेतला तर मध्यम सुरात त्याचा अर्थ फेकणे, खालच्या सुरात जंगल, उतरत्या सुरात आईची किंवा वडिलांची थोरली बहीण, वरच्या सुरात चिनी वंशाच्या घरातले वडील, आणि चढत्या सुरात वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची एक हाक.

हे पाच 'पा' उलटसुलट क्रमाने ऐकवले तेव्हा उतरता त्याला प्रत्येक वेळी ओळखता आला. मध्यम आणि खालचा यांत तो गोंधळला, वरचा आणि चढता यांतही. मराठी कानाचं हे नेहमीचं आहे. स्वतः म्हणताना मात्र वेगळीच गोष्ट दिसली. खात्री नसली की तो प्रत्येक शब्दाच्या शेवटी आवाज वर नेत होता, आपण "बरोबर ना?" विचारताना नेतो तसा. मराठीत त्या चढाने शब्द बदलत नाही, फक्त शंका कळते. थाईत शब्दच बदलतो. पाच हा आकडा आहे 'हा', उतरत्या सुरात. तो शंकेने म्हटला की चढता 'हा' होतो, म्हणजे शोधणे. ही खोड पुढे आम्हाला बरेच दिवस पुरली.

पहिले दोन आठवडे अक्षरं नाहीत, फक्त आकडे, असं ठरवलं. क्वालिटीच्या माणसाला पहिल्या दिवसापासून आकडे लागतात, आणि सुरांच्या दृष्टीनेही ते सोयीचे आहेत. शून्य ते दहा या आकड्यांत फक्त तीन सूर येतात. सून, सोंग, साम (०, २, ३) चढते. हा आणि काव (५, ९) उतरते. बाकीचे सगळे, म्हणजे नुंग, सी, होक, चेत, पेत, सिप, खालचे. म्हणजे ज्या दोन जोड्यांत तो गोंधळत होता त्या सुरुवातीलाच बाजूला राहतात. मग शंभरासाठी 'रोय' घेतला, तो वरच्या सुरात. हजारासाठी 'फान', तो मध्यम. झाले पाचही सूर पूर्ण. दहा हजाराला 'मून' आणि लाखाला 'सेन' असे स्वतंत्र शब्द थाईत आहेत, त्यामुळे मोठ्या आकड्यांशी इंग्रजीवाल्यांना जी झटापट करावी लागते ती आपल्याला करावी लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात लिपी सुरू केली. इथे मी थाई अक्षरं त्यांच्या नावांनीच लिहिते आहे, कारण थाई माणूसही फोनवर स्पेलिंग सांगताना नावंच घेतो. प्रत्येक अक्षराच्या नावात एक वस्तू किंवा प्राणी असतो: को काइ म्हणजे कोंबडीचा को, खो खाइ म्हणजे अंड्याचा खो, खो ख्वाय म्हणजे म्हशीचा खो, ङो ङू म्हणजे सापाचा ङो.

व्यंजनं ४४ आहेत, त्यांतली दोन आता वापरात नाहीत. थाई लिपी ख्मेर लिपीवरून आली आणि ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या लिपीवरून, त्यामुळे क्रम आपलाच आहे: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य र ल व, मग तीन 'स' (आपले श ष स), मग ह, आणि हच्या पाठोपाठ ळ. हो, ळ. 'लो चुला' नावाचं ते अक्षर आपल्या ळच्या जागीच बसलं आहे, जरी आज त्याचा उच्चार ल होतो.

आता सुरांशी याचा संबंध. थाई व्यंजनांचे तीन गट आहेत: मधला, वरचा आणि खालचा. शब्दाचा सूर ठरवताना पहिलं व्यंजन कोणत्या गटातलं आहे हे आधी पाहावं लागतं. इंग्रजीतून शिकणारे ४४ अक्षरांचे गट रंगीत तक्ते करून घोकतात. मराठी माणसाला वर्गातली जागा पाहिली की पुरे. वर्गातलं पहिलं अक्षर (क, च, ट, त, प) मधल्या गटातलं. दुसरं (ख, छ, ठ, थ, फ) वरच्या गटातलं. तिसरं, चौथं आणि पाचवं (ग, घ, ङ आणि त्यांचे भाऊबंद) खालच्या गटातलं. य र ल व आणि ळ खालचे. तिन्ही स आणि ह वरचे.

हे असं का, हेही समजून घ्यावं, मग विसरायला होत नाही. कित्येक शतकांपूर्वी थाईत तिसऱ्या जागेचं अक्षर आपल्या ग-सारखं घोष होतं. पुढे तो घोष गेला आणि ग, घ दोन्ही ख झाले. म्हणजे आज ख, ग, घ या तिन्ही जागांवरची अक्षरं उच्चारायला 'ख'च आहेत. पण जुना फरक पुसला गेला नाही, तो सुरात जाऊन बसला. खो खाइला आ जोडला तर 'खा' चढत्या सुरात, म्हणजे पाय. खो ख्वायला आ जोडला तर 'खा' मध्यम सुरात, म्हणजे अडकलेला. कानाला एकच व्यंजन, डोळ्याला दोन, आणि सूर वेगळा.

अपवाद मोजके आहेत. द आणि ब या उच्चारांची अक्षरं त आणि प यांच्या आधी बसवली आहेत आणि तीही मधल्या गटात मोडतात. आपल्या अ-सारखं स्वर बसवायला वापरलं जाणारं 'ओ आंग' मधलं. सो सो आणि फो फान ही अक्षरं शेजारच्या अक्षरांत थोडा बदल करून केली आहेत आणि शेजाऱ्याच्याच गटात राहतात, म्हणजे खालच्या. फो फा त्याच रीतीने वरच्या गटात. अगदी शेवटचं हो नोखूक खालचं. एवढं एका संध्याकाळी होतं.

मग सुराच्या खुणा. त्या चार आहेत आणि त्यांची नावं एक, थो, त्री, चत्तवा अशी संस्कृत अंकांवरूनच आली आहेत. मधल्या गटात सरळ हिशेब चालतो: खूण नसेल तर मध्यम सूर, एकने खालचा, थोने उतरता, त्रीने वरचा, चत्तवाने चढता. म्हणून तिसरा आणि चौथा आठवडा फक्त मधल्या गटात घालवला. वर दिलेले पाच 'पा' हे मधल्या गटातल्या पो प्लाचेच. वरच्या गटात खूण नसेल तर चढता सूर, आणि एक व थो या खुणा मधल्या गटासारख्याच चालतात. खालच्या गटात खूण नसेल तर मध्यम, पण खूण असेल तर एक पायरी पुढचा सूर निघतो: एकने उतरता, थोने वरचा. त्री आणि चत्तवा मधल्या गटापुरत्याच लागतात.

खालच्या गटातल्या या एका पायरीवरच त्याच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा फरक टांगलेला होता. 'माइ' उतरत्या सुरात म्हणजे नाही. 'छाइ' उतरत्या सुरात म्हणजे होय, तेच. 'छाइ' वरच्या सुरात म्हणजे वापरणे. 'माइ छाइ' दोन्ही उतरते म्हटले तर "हा तो नव्हे". दुसरा वरचा म्हटला तर "वापरत नाही". पार्ट हातात धरून लाईनवरच्या माणसाशी बोलताना हे दोन्ही अर्थ शक्य असतात आणि चूक झाली तर चांगला माल बाजूला पडतो. लिहिताना दोन्हींत ज-च्या जागेवरचं छो छांग हे एकच अक्षर येतं, एकावर एकची खूण आणि दुसऱ्यावर थोची. पायरीचा नियम लावला की उतरता आणि वरचा. हे त्याने फळ्यावर स्वतः सोडवलं त्या दिवशी लिपीचा प्रश्न त्याच्यापुरता मिटला.

उरलेले नियम मी हळूहळू दिले. शब्दावयव क्, त्, प् वर किंवा ऱ्हस्व स्वरावर थांबत असेल तर खूण नसतानाही सूर बदलतो: मधल्या आणि वरच्या गटात खालचा होतो, खालच्या गटात स्वर ऱ्हस्व असेल तर वरचा, दीर्घ असेल तर उतरता. आणि म, न, ल यांसारख्या खालच्या गटातल्या अक्षरापुढे कधीकधी न उच्चारायचा हो हीप लिहितात. तो फक्त त्या अक्षराला वरच्या गटात नेतो. 'मा' साधा लिहिला तर येणे, हो हीप लावून लिहिला तर कुत्रा, चढत्या सुरात.

स्वर मात्र मराठी माणसाला थोडे फसवतात, आणि मात्रा ओळखीच्या वाटतात म्हणूनच फसवतात. काही स्वरचिन्हं व्यंजनाच्या आधी लिहितात, आपल्या पहिल्या वेलांटीसारखी, ते कठीण जात नाही. अडचण लांबीची. आपला अ आणि आ यांत तोंडाची ठेवणच वेगळी असते, तर थाईत ऱ्हस्व आणि दीर्घ आ एकाच ठेवणीचे, फरक फक्त वेळेचा. पुरुष प्रत्येक वाक्याच्या शेवटी लावतात तो 'ख्राप' त्याच्या तोंडून 'ख्रप' येत होता. इ आणि उ यांची लांबी तर आपण बोलताना पाळतच नाही. मी त्याला थाई शब्द देवनागरीत लिहू दिले, पण लांब स्वराखाली रेघ मारायची आणि ख्रापसारख्या ठिकाणी आखूड आ असा स्वतःच्या अक्षरात शेरा द्यायचा, या अटीवर.

देवनागरीचा फायदाही मोठा आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला थाई 't' मराठी माणूस ट वाचतो, 'ph' तो फ करतो. देवनागरीत त, थ, द सरळ येतात. च लिहिताना फक्त एवढंच सांगावं लागलं की तो 'चहा'तला च आहे, 'चाकण'मधला नव्हे. फ चा प्रश्न मात्र उरतो, कारण शहरी मराठीत फळाचा फ ओठ न मिटताच म्हटला जातो. थाईत ओठ मिटून येणारा फ आणि दातांनी ओठ घासून येणारा फ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. 'फाइ' दातांचा म्हणजे आग, ओठांचा म्हणजे धोका, दोन्ही मध्यम सुरात. वयाने मोठ्या सहकाऱ्याला लाईनवर 'फी' म्हणतात, थोरल्या भावंडासाठीचा शब्द, उतरत्या सुरात. तोही ओठ मिटूनच. दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द, म्हणून त्याच्यावर वेगळा वेळ दिला.

रोजचा सराव त्याच्या दिवसात बसेल असाच ठेवला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये पंधरा मिनिटं फक्त ऐकणं, इयरफोन लावून, तोंडाने काही न बोलता, प्रत्येक शब्दाचा सूर बोटाने मांडीवर काढत. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं लिहिणं, रोज तीन नवी अक्षरं आणि आदल्या दोन दिवसांची सगळी. थाई अक्षर वळणाच्या छोट्या गोलापासून सुरू करायचं, नाहीतर दोन सारखी दिसणारी अक्षरं एक होऊन जातात. रात्री दहा मिनिटं स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा आणि मूळ रेकॉर्डिंगच्या पाठोपाठ ऐकायचा. आठवड्यातून दोनदा बँकॉकच्या एका शिक्षिकेशी अर्धा तास व्हिडिओ कॉल. तिला तो 'ख्रू' म्हणायचा. रविवारी काही नाही. ऑडिट असेल त्या आठवड्यात रात्रीचा भाग सुटायचा आणि तो मी सुटू दिला, पण बसमधलं ऐकणं कधीच सोडायचं नाही एवढं ठरलं होतं. सूर कानात आठवडाभर न पडले तर आधी ऐकण्याची पकड सैल होते, बोलण्याची नंतर.

पाचव्या आठवड्यात गाडी अडली. सुटे शब्द विचारले तर दहापैकी नऊ बरोबर. तेच शब्द वाक्यात आले की निम्मे चुकायचे. कारण शोधायला आम्ही Praat हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं, जे आवाजाच्या पट्टीची रेघ पडद्यावर काढून दाखवतं. पुरुषाच्या आवाजासाठी पट्टीची मर्यादा 75 ते 300 हर्ट्‌झ ठेवली की रेघ नीट दिसते. ख्रूचं वाक्य आणि त्याचं वाक्य एकाखाली एक ठेवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. त्याचा चढता सूर सुरुवातीला खाली बुडतच नव्हता, म्हणून तो वरच्या सुरासारखा ऐकू यायचा. आणि त्याचं अख्खं वाक्य मराठी चालीत शेवटाकडे चढत होतं, त्यामुळे शेवटचे दोन-तीन शब्द त्यांचा स्वतःचा सूर सोडून त्या चढावर बसत होते. ज्याला वाटत होतं की कान कमी पडतो आहे, त्याला पडद्यावर दिसलं की सवय मराठी वाक्याच्या चालीची आहे.

उपाय म्हणून एक चौकट घेतली: 'आन नी ... ख्राप', म्हणजे "हे ... आहे, साहेब". आन मध्यम, नी वरचा, ख्राप वरचा. मध्ये रोज एकच जागा बदलायची. "आन नी माइ ख्राप", खालच्या सुरातला माइ म्हणजे नवा. "आन नी काव ख्राप", खालच्या सुरात जुना, उतरत्या सुरात नऊ (थोडा लांबवून). बाजूचे सूर पक्के राहतात, मधलाच हलतो, आणि शेवटचा ख्राप आपोआप वाक्याच्या चालीला बांध घालतो. प्रश्नासाठीही आवाज वर न्यायचा नाही हे याच चौकटीत बसवलं. थाईत प्रश्नाचा शब्द शेवटी लागतो, बाकी वाक्य जसंच्या तसं राहतं. दोन आठवड्यांत वाक्यातल्या चुका दहापैकी तीनवर आल्या. त्याहून कमी त्या निघण्याआधीच्या तयारीत झाल्या नाहीत, आणि मला वाटतं इथे बसून तेवढ्याच होतात.

शेवटचे तीन आठवडे कारखान्यातल्या पाट्यांवर. तिकडच्या भावी सहकाऱ्याने लाईनचे फोटो पाठवले आणि त्यांतले चाळीसेक शब्द आम्ही काढले. 'हाम खाव', आत येण्यास मनाई, दोन्ही उतरते. 'रावांग', सावधान. 'थांग ओक', बाहेर जाण्याचा रस्ता. 'आनतराय', धोका, हा आपला अंतराय. आणि त्याच्या स्वतःच्या खात्याचा शब्द: 'खुन्नाफाप', म्हणजे क्वालिटी. त्यातली अक्षरं जागेप्रमाणे वाचली तर ग, उकार, ण, भ, आ, ब. संस्कृतातला गुण आणि भाव. उच्चार काढताना ग चा ख, ण चा न, भ चा फ, आणि शेवटच्या ब चा प्, तोही ओठ मिटून तिथेच थांबवलेला, न सोडलेला. सूर पायरीने: खुन खालचा गट, न् वर थांबतो, म्हणून मध्यम, ना ऱ्हस्व आणि खालचा गट, म्हणून वरचा, फाप दीर्घ, प् वर थांबतो, खालचा गट, म्हणून उतरता.

असे संस्कृत शब्द पाटीवर पुष्कळ आहेत आणि वाचायला मोठा आधार देतात. पण ऐकताना त्यांचा आधार धरू नये, हे मी त्याला वारंवार सांगितलं. लाईनवरची बोली छोट्या, मूळच्या थाई शब्दांची असते आणि तिथे अर्थ सुरावरच ठरतो.

रायोंगला पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात पाट्या, टॅग आणि आकडे यांत तो अडला नाही. लेबलवरचा शब्द वाचून सूर काढणं त्याला जमत होतं, हळू, पण बरोबर. ऐकण्यात दोन गोष्टींनी दमवलं. पहिली, बोलताना र चा ल होतो किंवा गळूनच जातो. ख्राप प्रत्यक्षात 'खाप' असतो, आणि हे त्याने रेकॉर्डिंगमध्ये कमी ऐकलं होतं. दुसरी, लाईनवरचे बरेच कामगार ईशान्येकडच्या इसान भागातले. ते आपसात लाओला जवळची बोली बोलतात आणि तिचे सूर बँकॉकच्या सुरांशी जुळत नाहीत. त्याच्याशी बोलताना ते प्रमाण थाई बोलत, पण आपसातलं कळत नसे. त्यासाठी मी त्याला नवीन काही दिलं नाही. बसमधली पंधरा मिनिटं आता हॉस्टेलच्या गाडीत गेली, आणि रेकॉर्डिंगऐवजी शिफ्टवरच्या एका 'फी'ने रोज सकाळी त्याला दिवसाचं टार्गेट थाईत सांगायचं, त्याने ते थाईत परत म्हणायचं आणि मग फळ्यावर लिहायचं, असं त्यांनी आपसात ठरवलं. पाच आणि नऊ या आकड्यांवर तो अजून थोडा थांबतो, बाकीचे आकडे सरळ येतात.